रमची ऊब आणि राखेखालचा निखारा

प्रश्न: डिसेंबरच्या शेवटी आम्ही सहा मित्र पुण्याहून गढवालातल्या केदारकांठा ट्रेकला चाललोय. ग्रुपमधला एक जण म्हणतो, तंबूत झोपायचं तर रमचे दोन पेग हवेतच, नाहीतर थंडीने मराल. बायको म्हणते, दारूने अंग उलट गार पडतं. पण प्यायल्यावर ऊब तर नक्की जाणवते. मग अंग गार कसं पडेल? नेमकं खरं काय?

उत्तर:

तुमचा मित्र आणि वहिनी दोघंही आपापल्या जागी खरं बोलताहेत. प्यायल्यावर ऊब जाणवते ती भास नाही, आणि अंग गार पडतं हेही खरं. या दोन गोष्टी एकत्र नांदतात, कारण ऊब आपल्याला कळते ती कातडीला आणि जगण्यासाठी जी ऊब लागते ती असते छाती-पोटाच्या आत. मी नाशिक जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करते आणि बरीच वर्षं हिवाळी ट्रेकच्या गटांबरोबर डॉक्टर म्हणून गढवालात जाते आहे. या एका गैरसमजापायी रात्री जागवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या आजीच्या घरी चूल होती. रात्री स्वयंपाक उरकला की ती निखारे एकत्र ओढायची आणि वरून राख पसरायची. हात लावला तर वरची राख कोमट, जवळपास गारच. पण पहाटे राख बाजूला सारली की आत निखारा लालभडक. काडीपेटी न लावता चूल पेटायची. आता समजा, रात्री कोणी येऊन ती राख फुंकून टाकली. शेक लगेच तोंडावर येईल, त्या माणसाला छान वाटेल, आणि पहाटेपर्यंत निखारा विझलेला असेल.

थंडीत आपलं शरीर आजीसारखंच वागतं. आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकवायचं असतं, म्हणून कातडीकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. गरम रक्त आतच फिरतं आणि कातडी, बोटं, कान, नाकाचा शेंडा गार पडतो. हा गारठा नकोसा वाटतो, पण ती राख आहे. दारू पोटात गेली की मेंदूतून या रक्तवाहिन्यांना मिळणारा 'आकसून राहा' हा हुकूम ढिला पडतो. वाहिन्या सैलावतात, आतलं गरम रक्त कातडीखाली येतं, गाल लाल होतात, कान गरम होतात. थंडी-ऊब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं प्रामुख्याने कातडीतच असल्यामुळे ती मेंदूला कळवतात की सगळं छान उबदार आहे. तुमच्या मित्राला ऊब वाटते ती हीच. नवी ऊब कुठूनही आलेली नाही, आतली बाहेर आली आहे.

बाहेर आलेली ऊब किती लवकर जाते, हे कातडी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा हवा २ अंश आहे आणि उघड्या हाताची आकसलेली कातडी २२ अंशांवर आली आहे. फरक २० अंश. दोन पेगनंतर तीच कातडी ३० अंशांवर गेली तर फरक २८. म्हणजे त्या उघड्या भागातून उष्णता ढोबळमानाने दीडपटीच्या जवळपास वेगाने निघून जाते. अंगभर नीट कपडे असतील तर हा फटका बराच कमी बसतो, हेही सांगायला हवं. टोपी, हातमोजे, बंद गळ्याचं जॅकेट घातलेल्या माणसाला नुसत्या रक्तवाहिन्या सैलावण्याने मोठा धोका होत नाही. म्हणूनच पुढच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत.

इथे हमखास विचारलं जातं, 'पण दारूत कॅलरी असतात ना, त्या जळून ऊब मिळत असेल की.' हिशेब करून बघू. आपल्याकडच्या रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं, म्हणजे १४० कॅलरी. यकृत ते तासाला ७ ते १० ग्रॅमच्या गतीने संपवतं, म्हणजे एका पेगला दोन ते तीन तास लागतात. पण त्या वेळात शरीर साखर आणि चरबी जाळणं तेवढं कमी करतं. एक लाकूड घातलं आणि दुसरं चुलीतून ओढून काढलं, तर जाळ वाढत नाही.

आणि गरम पाणी घालून घेतलेली रम? २०० मिली पाणी ६० अंशांचं असलं तरी ते ३७ अंशांवर येईपर्यंत शरीराला जेमतेम साडेचार-पाच कॅलरी देतं. चहाचंही तसंच. चहाचा खरा आधार त्यातल्या दोन चमचे साखरेचा असतो, त्यातून चाळीसेक कॅलरी मिळतात आणि त्या लगेच कामाला येतात. ट्रेकवर मी सगळ्यांना साखर जास्त घालायला लावते ती याचसाठी.

आता हुडहुडीकडे येऊ. कातडी आकसूनही भागेना, तर शरीर स्नायू थरथरवून उष्णता तयार करतं. जोराची हुडहुडी भरली की स्वस्थ बसलेल्या माणसाच्या दुप्पट ते पाचपट उष्णता तयार होऊ शकते. दात वाजतात, हातातला कप हिंदकळतो, माणूस वैतागतो. पण थंडीत आपल्याकडे असलेली ही सगळ्यात मोठी शेगडी आहे. दारू तीच मंदावते. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र सुस्तावतं आणि हुडहुडी उशिरा सुरू होते, किंवा कमी जोराची भरते. मित्र म्हणेल, 'बघ, प्यायल्यावर थरथर थांबली.' थांबली हे खरं, आणि तोच तोटा आहे.

ही शेगडी बरीचशी चालते साखरेवर. दिवसभर चढून आलेल्या माणसाच्या यकृतातला आणि स्नायूंतला साखरेचा साठा संध्याकाळी बराच उतरलेला असतो. नेहमी अशा वेळी यकृत इतर पदार्थांपासून नवी साखर बनवून रक्तात सोडतं. पण दारू आली की यकृत ती निस्तरण्यात गुंततं आणि नवी साखर बनवण्याचं काम जवळपास थांबतं. ब्रिटनमध्ये १९७३ साली हेट आणि कीटिंग या संशोधकांनी नेमकं हे दाखवलं. उपाशीपोटी व्यायाम करून मग दारू घेतलेल्या माणसांना थंडीत ठेवलं, तेव्हा त्यांची रक्तशर्करा घसरली आणि शरीराला तापमान सांभाळता येईना. ग्लुकोज दिल्यावर ते पुन्हा सांभाळता आलं. तुमच्या ट्रेकमधली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. सहा तास बर्फातून चालून आलेले, उंचीमुळे भूक मेलेली, जेवण टाळलेलं, आणि वर दोन पेग. त्या प्रयोगाची मांडणी तुम्ही स्वतःहून केलेली असते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडते, कारण कोणी ना कोणी ती काढेलच. प्रयोगशाळेत निरोगी, पोटभर जेवलेल्या माणसांना बेताची दारू देऊन थंड पाण्यात बसवलं, तर त्यांचं आतलं तापमान न प्यायलेल्यांपेक्षा फार वेगाने घसरत नाही, असं बऱ्याच वेळा दिसलं आहे. थंडी खूप कडक असेल तर दारू असूनही रक्तवाहिन्या आकसतात. मग हायपोथर्मियाच्या, म्हणजे आतून गार पडलेल्या, रुग्णांत प्यायलेले इतके का सापडतात? माझ्या अनुभवात उत्तर असं आहे की प्रयोगशाळेत पाण्यातून कधी बाहेर यायचं हे दुसरा कोणीतरी ठरवत असतो. डोंगरावर ते तुमचं तुम्हाला ठरवायचं असतं. जॅकेटची चेन ओढायची, ओले मोजे बदलायचे, लघवीला जाताना बुटांत पाय घालायचा, हेडलँप घ्यायचा, हे सगळं थंडी टोचते म्हणून माणूस करतो. दारूने ती टोचणी बंद होते आणि विचारही सैल होतो. गार पडत चाललेला माणूस उबेतल्या माणसासारखा वागू लागतो. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका हाच. त्याखालोखाल हुडहुडी आणि साखर, आणि रक्तवाहिन्या सैलावणं सगळ्यात शेवटी.

एक प्रसंग सांगते. गढवालातलाच एक तळ, उंची साधारण ३,४०० मीटर, ३१ डिसेंबरची रात्र. गट पुण्या-मुंबईचा होता. पस्तिशीतला, चांगल्या तब्येतीचा एक जण दिवसभर सगळ्यांच्या पुढे चाललेला. संध्याकाळी त्याने दोन-चार घोट सूप घेतलं आणि जेवण नको म्हणाला. आठ ते दहाच्या दरम्यान तंबूत मित्रांबरोबर तीन मोठे पेग झाले. म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, आणि यकृताच्या गतीने ते उतरायला सात-आठ तास. यातलं मला काहीही माहीत नव्हतं, नऊला मी झोपले होते.

साडेअकराच्या सुमारास तो लघवीला बाहेर पडला. दारूने लघवी जास्त होते, कारण पाणी धरून ठेवणारं संप्रेरक ती दाबते. त्यामुळे प्यायलेला माणूस स्लीपिंग बॅगमधून नेमका थंड वेळी बाहेर येतो. बूट शोधण्याऐवजी तो मोज्यांवरच गेला. तंबूतल्या जोडीदाराला चेन उघडल्याचा आवाज आठवत होता, बंद झाल्याचा नाही. तोही प्यायलेला, लगेच झोपी गेला. पावणेएकला स्वयंपाकघरातला मुलगा बाहेर आला, तेव्हा हा सामानाच्या तंबूला टेकून बर्फावर बसलेला होता. जॅकेट पुढून उघडं, टोपी मांडीवर. मुलाने हाक मारली तर म्हणाला, 'छान वाटतंय, बसू दे.' मुलगा शहाणा, त्याने आधी मला उठवलं.

मी पोचले तोवर दोन मित्र जमले होते. म्हणत होते, 'काही नाही मॅडम, चढलीय त्याला. तंबूत टाकतो, झोपू दे.' त्यांचा दोष नव्हता. जीभ जड होणं, झोकांड्या, हातातली वस्तू सुटणं, उगाच चिडणं, विचारलं त्याला भलतंच उत्तर देणं, हे सगळं चढल्यावर होतं आणि अंग गार पडल्यावरही अगदी तसंच होतं. दोन्ही एकत्र असतील तर दारूच्या आड दुसरं पूर्ण लपतं. मला खटकल्या त्या दोन गोष्टी. उणे सात-आठ अंशांत ओल्या मोज्यांवर बसलेला माणूस थरथरत नव्हता. आणि शर्टाखालून पोटावर हाताची मागची बाजू लावली तर पोट गार लागलं. नुसत्या प्यायलेल्या माणसाचे हात-पाय गार असतील, पण पोट आणि काख गरम लागतात. धड गार लागलं की समजायचं, निखाऱ्यापर्यंत गारठा पोचला आहे.

काखेत थर्मामीटर लावला तर पडद्यावर `Lo` आलं. इथे एक सांगते. आपले घरगुती थर्मामीटर तापासाठी बनवलेले असतात. बरेच डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांखाली आकडा दाखवत नाहीत, जुने पाऱ्याचे तर साधारण ३५ पासूनच सुरू होतात. शिवाय थंडीत काखेतला आकडा आतल्यापेक्षा बराच कमी येतो. त्यामुळे `Lo` म्हणजे आत नेमकं किती, हे कळत नाही. ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात. ३२ पर्यंत सौम्य, त्याखाली मध्यम, २८ च्या खाली गंभीर. तंबूत बसून हे आकड्यावरून ठरत नाही, माणूस बघून ठरवावं लागतं. हा नाव सांगत होता, कोणत्या गावी आहोत ते चुकत होता, हात धरला तर पकड ढिली होती. ग्लुकोमीटर मी जॅकेटच्या आत ठेवते, कारण पट्ट्या गार पडल्या की आकडा भलता येतो. साखर ५४ निघाली, म्हणजे बरीच कमी.

आम्ही त्याला चालवलं नाही. चौघांनी मॅटवर आडवा उचलून स्वयंपाकाच्या तंबूत नेला. गार पडलेल्या माणसाला उभं केलं, धसमुसळेपणाने हलवलं किंवा हातपाय चोळले, तर गार रक्त आत येऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात. खाली दोन मॅट घातल्या, कारण जमीन हवेपेक्षा जास्त ऊब ओढते. ओले मोजे आणि पँट काढली, कोरडे कपडे, टोपी, मग स्लीपिंग बॅग आणि वरून आणखी एक. प्यायच्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या मोज्यांत घातल्या आणि दोन्ही काखांत आणि छातीवर ठेवल्या. पायांशी नाही. मोजा यासाठी की बधिर कातडी भाजलेली कळत नाही. मग एक चमचा कोमट पाणी देऊन बघितलं. ठसका न लागता गिळलं, म्हणून कपभर पाण्यात चार चमचे साखर घालून थोडं थोडं पाजलं. ठसका लागला असता किंवा तो गुंगीत असता, तर तोंडातून काहीच दिलं नसतं. एका मित्राने, कळवळ्यानेच, विचारलं, 'थोडी ब्रँडी देऊ का?' मी त्याला बाटली तंबूबाहेर ठेवायला सांगितली.

वीस-पंचवीस मिनिटांनी तो थरथरू लागला. आधी जबडा, मग खांदे, मग सगळं अंग, स्लीपिंग बॅग हलताना दिसत होती. मित्र घाबरले. मला त्या रात्रीतला पहिला मोकळा श्वास तेव्हा घेता आला. शेगडी पेटली होती. पुन्हा साखरपाणी दिलं, थोड्या वेळाने गूळ-शेंगदाण्याची चिक्की. दोन वाजता साखर ९२ होती. पहाटे चारला तो नीट बोलत होता आणि बाहेर कधी गेलो ते आठवत नाही म्हणत होता. पायाची दोन बोटं पांढरी बधिर पडली होती, ती ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकली. फोड आले नाहीत, म्हणजे थोडक्यात निभावलं. सकाळी शिखराकडे न पाठवता आम्ही त्याला खाली उतरवलं.

त्याने टोपी का काढली, जॅकेट का उघडलं, हे त्याच्या मित्रांना उमगत नव्हतं. पेगनंतर कातडी गरम वाटते म्हणून माणूस कपडे सैल करतो, हे एक. दुसरं जास्त भयंकर आहे. हायपोथर्मिया वाढला की दारू नसतानाही माणसाला एकाएकी प्रचंड उकडू लागतं आणि तो कपडे काढतो. बर्फात सापडलेले काही मृतदेह अर्धे उघडे असतात ते यामुळे. म्हणून थंडीत कोणी 'आता गरम होतंय' म्हणत कपडे काढू लागला, तर त्याचं ऐकायचं नाही.

तुम्हाला वाटेल, हे सगळं हिमालयातलं. पण हायपोथर्मियाला बर्फ लागत नाही, ओल आणि वारा पुरतात. आमच्याकडे निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. त्याच दिवसांत शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीची असते, आणि शेतकरी रात्री कांद्याला, गव्हाला पाणी भरायला शेतात असतो. पाय घोट्याच्या वर चिखलपाण्यात, धोतर किंवा पँट ओली, वाऱ्याला आडोसा नाही. ऊब म्हणून कोणी थोडी घेतो, बांधावर टेकतो, आणि डोळा लागतो. पहाटे असा माणूस दवाखान्यात आणतात तेव्हा बरोबरचे लोक म्हणतात, 'काही नाही डॉक्टर, पिऊन पडला होता.' वय साठीच्या पुढचं असेल तर धोका आणखी वाढतो, कारण म्हातारपणी हुडहुडी मुळातच क्षीण भरते आणि थंडी उशिरा कळते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर आणखी घसरते, झोपेच्या गोळ्या असतील तर गुंगी आणखी वाढते. अशा वेळी पोटावर हात लावून बघा हे मी घरच्यांना सांगत असते. तेवढ्याने फरक कळतो.

'मग सैन्यात रम का मिळते?' हे तुमचा मित्र नक्की विचारेल. रम सैनिकांना मिळते, पण तेवढ्यावरून ती अंग तापवते असं होत नाही. जवानाची ऊब येते कपड्यांतून, निवाऱ्यातून, बुखारी नावाच्या शेगडीतून आणि ताटातून. त्याचं शरीर उंचीला टप्प्याटप्प्याने सरावलेलं असतं आणि आजूबाजूला पहाऱ्यावर शुद्धीत असलेले सहकारी असतात. शिणवटा घालवायला दिवसाच्या शेवटी घेतलेला पेग वेगळा. तुमच्या तंबूत सहाच्या सहा जण घेणार असतील, तर रात्री एकाला बाहेर उशीर झाला हे कोणाला कळणार?

उंचीचाही प्रश्न आहे. तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गाव साधारण १,९०० मीटरवर आहे आणि शिखर ३,८०० च्या आसपास, तेही दोन-तीन दिवसांत. विरळ हवेत झोपेत श्वास मुळात अनियमित होतो, दारू तो आणखी मंदावते. शिवाय सकाळी डोकं दुखतंय, मळमळतंय, तर ते उंची लागल्यामुळे की कालच्या रममुळे, हे मलाही खात्रीने सांगता येत नाही. आणि त्या दोन्हींवरचे निर्णय अगदी वेगळे असतात. उंची लागली असेल तर वर जायचं नसतं.

मग किती घेतलं तर चालेल? हे खरंच परिस्थितीवर आहे. खोलीत, पोटभर जेवून, कोरड्या कपड्यांत आणि पुन्हा बाहेर जायचं नसताना घेतलेल्या एका लहान पेगने हायपोथर्मिया होत नाही, असं मी कोणालाही सांगेन. तोच पेग उपाशीपोटी, दिवसभर चालून, ओल्या मोज्यांत, तंबूत घेतला तर मी तो सुरक्षित म्हणणार नाही. मात्रा तीच, माणूसही तोच, आजूबाजूचं सगळं बदललेलं. माझ्या गटांसाठी माझा नियम साधा आहे. सांक्री सोडल्यापासून सांक्रीला परत येईपर्यंत दारू बंद.

झोप न लागण्याची तुमच्या मित्राची भीती मात्र खरी आहे, तिच्यावर उपाय हवा. तळावर पोचल्यावर पाच मिनिटांच्या आत घामाने ओलावलेला आतला कपडा आणि मोजे बदला, अंग गरम असतानाच. झोपायचे मोजे वेगळे ठेवा, ते चालताना वापरू नका. रात्रीचं जेवण भूक नसली तरी करा, खिचडीवर तूप जास्त घ्या, आणि झोपताना शेंगदाणा चिक्की किंवा खजूर खा. बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट आहे का ते दोनदा बघून, मोज्यात घालून पोटाशी घ्या. सकाळी तेच प्यायला होतं आणि गोठलेलंही नसतं. स्लीपिंग बॅगमध्ये शिरण्याआधी तंबूतच दोन मिनिटं उठाबशा काढा. बॅग ऊब तयार करत नाही, तुमची धरून ठेवते, म्हणून आत जाताना अंग गरम हवं. लघवी लागली तर तुंबवून पडू नका, तेवढ्याने झोप मोडत राहते. जा, पण टोपी, जॅकेट, बूट घालून आणि शेजाऱ्याला हलवून सांगून. दहा मिनिटांत परतला नाहीत तर त्याने उठायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

बाटली न्यायचीच असेल तर ती सांक्रीच्या मुक्कामी, तुमच्या खोलीतल्या सामानात राहू दे. खाली उतरल्यावर आधी गरम पाण्याने पाय धुवा, कोरडे कपडे घाला, राजमा-चावल पोटभर जेवा. त्यानंतर ज्याला घ्यायची त्याने घ्यावी. दुसऱ्या दिवशी देहरादूनपर्यंत जवळजवळ दिवसभराचा घाटरस्ता आहे, तेव्हा बेतानेच.